२५६ एमबीची खिडकी

जुन्या कॉम्प्युटरसाठी नवं ग्राफिक्स कार्ड घेताना आपण तीन गोष्टी बघतो: किंमत, मेमरी आणि पॉवर सप्लाय पुरेल का. चौथी गोष्ट मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे ज्याला आपण सवयीनं बायोस म्हणतो त्यात दडलेली असते. तिचं नाव रिसायझेबल बार. इंटेलचं आर्क कार्ड घ्यायचा विचार असेल, तर पैसे मोजण्याआधी ती तपासायलाच हवी.

ग्राफिक्स कार्डावर स्वतःची ८ किंवा १२ जीबी मेमरी असते. प्रोसेसरला त्या मेमरीत थेट काही लिहायचं असेल, तर तिचा भाग त्याच्या पत्त्यांच्या यादीत दिसावा लागतो. तो कुठून सुरू होतो, हे कार्डावरच्या बेस अ‍ॅड्रेस रजिस्टरमध्ये, थोडक्यात ‘बार’मध्ये, नोंदलेलं असतं. वर्षानुवर्षं हा दिसणारा भाग बहुतेक कार्डांवर फक्त २५६ एमबीचा होता. खोली मोठी पण खिडकी एवढीशी, असा प्रकार. ८ जीबीचं कार्ड असेल, तर प्रोसेसरला एका वेळी त्याचा बत्तिसावा हिस्सा दिसतो.

एवढी कंजुषी का, तर ३२-बिट काळामुळे. ३२-बिट पत्त्यांनी फक्त ४ जीबीपर्यंत मोजता येतं. त्यातच रॅम, साउंड, नेटवर्क आणि बाकी सगळ्या उपकरणांची सोय लावायची असे. एकट्या ग्राफिक्स कार्डानं त्यातली २ जीबी जागा अडवली असती, तर ३२-बिट विंडोजला रॅमसाठी फारच कमी जागा उरली असती. खिडकीचा आकार बदलता यावा, ही तरतूद पीसीआय एक्सप्रेसच्या नियमांत २००८ सालीच आली. पण घरगुती कॉम्प्युटरवर ती खऱ्या अर्थानं पोहोचली २०२० च्या अखेरीस. एएमडीनं रेडिऑन आरएक्स ६००० मालिकेसोबत ती ‘स्मार्ट अ‍ॅक्सेस मेमरी’ या नावानं आणली.

खिडकी लहान असताना काम अडत नाही, फक्त वळसा पडतो. प्रोसेसर टेक्स्चर आणि आकृत्यांची माहिती आधी रॅममध्ये ठेवतो आणि मग कार्ड ती तिथून उचलून घेतं. खिडकी पूर्ण उघडली की ड्रायव्हर ठरवेल तो डेटा प्रोसेसर कार्डाच्या मेमरीत थेट लिहू शकतो. यामुळे कार्डाची मेमरी वाढत नाही आणि कार्डाची मूळ ताकदही वाढत नाही. फायदा फक्त ने-आण करण्यातला आहे. म्हणूनच तो गेमगणिक बदलतो.

एएमडी आणि एनव्हिडियाच्या कार्डांवर हा फायदा बहुधा थोड्या टक्क्यांचा असतो. ‘असॅसिन्स क्रीड वलहाला’सारख्या एखाद्या गेममध्ये तो दहा टक्क्यांच्या पुढे जातो, तर काही गेममध्ये वेग उलट किंचित घटतो. त्यामुळे एनव्हिडियानं ही सोय सरसकट चालू ठेवलेली नाही. जिथे लाभ दिसला, त्याच गेमसाठी तिचा ड्रायव्हर ती वापरतो. एनव्हिडियाची अधिकृत साथ आरटीएक्स ३० मालिकेपासून सुरू होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०६० ही सोय घेऊनच आलं. त्याआधी विकल्या गेलेल्या ३०७० किंवा ३०८० कार्डांना स्वतःचं व्हीबायोस अपडेट करावं लागतं, आणि सेकंडहँड कार्ड घेणाऱ्यानं हे आवर्जून विचारावं. जीटीएक्स १०, जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिका यातून बाहेर आहेत.

इंटेलच्या आर्कची गोष्ट वेगळी. ए७५०, ए७७० आणि नंतरचं बी५८० ही कार्डं मोठी खिडकी गृहीत धरूनच बनवलेली आहेत. ती बंद असेल तर सरासरी वेग साधारण एक पंचमांश किंवा त्याहून जास्त घसरतो. त्याहून त्रासदायक म्हणजे चित्र मध्येच अडखळतं. खुद्द इंटेलच ही सोय चालू ठेवा असं सांगते. प्रोसेसर मात्र इंटेलचा दहाव्या पिढीचा किंवा नंतरचा, नाहीतर एएमडीचा रायझन ३००० किंवा नंतरचा लागतो. यातही एक फसवी जागा आहे. रायझन ३ ३२००जी आणि रायझन ५ ३४००जी यांची नावं ३००० मालिकेतली असली, तरी आतली रचना जुनी आहे आणि त्यांना ही सोय नाही. आठव्या-नवव्या पिढीच्या इंटेलसाठी काही बोर्ड कंपन्यांनी फर्मवेअर दिलं आहे, पण त्या भरवशावर आर्क घेऊ नये.

आता एक नेहमी दिसणारी जुळणी घेऊ. रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, जुन्या पद्धतीनं बसवलेलं विंडोज १० आणि नवं ए७५०. आधी बोर्ड कंपनीच्या पानावर आपल्या नेमक्या मॉडेलच्या फर्मवेअरमध्ये ही सोय आहे का ते बघावं आणि असेल तर ते फर्मवेअर चढवावं. मग विंडोजमध्ये `msinfo32` उघडून BIOS Mode ही ओळ वाचावी. तिथे UEFI असेल तर निम्मं काम झालं. Legacy असेल तर थांबावं. मोठी खिडकी ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर बसते आणि त्यासाठी CSM हा जुना मोड बंद करावा लागतो. पण तो बंद केला की जुन्या एमबीआर रचनेच्या डिस्कवरून विंडोज सुरूच होत नाही. म्हणून आधी डिस्क जीपीटी रचनेत बदलायची. डेटाचा बॅकअप घ्यावा, बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवून त्याचं संरक्षण तात्पुरतं थांबवावं आणि कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून या दोन आज्ञा द्याव्यात:

```
mbr2gpt /validate /allowFullOS
mbr2gpt /convert /allowFullOS
```

पहिली आज्ञा नुसतं तपासते. ती यशस्वी झाली तरच दुसरी द्यावी. त्यानंतर फर्मवेअरमध्ये जाऊन CSM बंद, Above 4G Decoding चालू आणि Re-Size BAR Support चालू किंवा Auto करावं. क्रम चुकून CSM आधीच बंद केलं आणि विंडोज दिसेनासं झालं, तर घाबरून डिस्क फॉरमॅट करू नये. CSM पुन्हा चालू केलं की सगळं जागच्या जागी सापडतं. खूप जुनं कार्ड बसवलेलं असताना CSM बंद केलं, तर पडदाच काळा राहू शकतो. तेव्हा बोर्डाचं सीमॉस रीसेट करावं लागतं.

हे सगळं केल्यावर खात्री करणं सोडू नये. जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामच्या पहिल्याच खिडकीत Resizable BAR या नावासमोर Enabled असं दिसायला हवं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर `nvidia-smi -q -d MEMORY` ही आज्ञा द्यावी. BAR1 खाली एकूण 256 MiB दिसलं तर खिडकी अजून लहानच आहे. १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० वर तिथे 16384 MiB दिसतं. ही चूक नाही, खिडकीचे आकार दुपटीदुपटीनंच वाढतात.

फर्मवेअर पुढे कधीही अपडेट केलं, तर सगळी सेटिंग मूळ अवस्थेत जाऊ शकतात आणि ही सोय गुपचूप बंद होते. आर्क कार्ड एखाद्या दिवशी अचानक मंद वाटलं, तर ड्रायव्हरवर राग काढण्याआधी तिथे डोकावून बघा. आणि तुमच्या बोर्डावर ही सोय मिळतच नसेल, तर आर्क घेऊ नका. त्याच पैशांत एएमडी किंवा एनव्हिडियाचं कार्ड बघा. लहान खिडकीतूनही ते नीट चालेल.