साहेबांना पाठवायचा निरोप

लेखा विभागातली एक मुलगी बुधवारी आपल्या साहेबांना चॅटवर लिहिते: ‘सर उद्या नाही जमणार, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ते स्टेटमेंट संध्याकाळी टाकते. तुम्ही जरा बँकेला पाठवा ना 🙏🙏’. निरोपात उद्धटपणा कुठेच नाही. तरी तो औपचारिक करायला सांगितला की बहुतेक जण पहिल्यांदा जड शब्द शोधायला लागतात.

गैरसमज तिथूनच सुरू होतो. ‘उपरोक्त विषयान्वये सविनय निवेदन की अपरिहार्य कारणास्तव उद्या उपस्थित राहणे शक्य नाही’ असे लिहिले तरी मूळ उणिवा तशाच राहतात, उलट रजेचे खरे कारणही झाकले जाते. हाच निरोप साहेबांनी गुरुवारी सकाळी मनुष्यबळ विभागाला पुढे पाठवला, तर वाचणाऱ्याला ‘उद्या’ म्हणजे शुक्रवार वाटेल. ‘ते स्टेटमेंट’ म्हणजे कोणते, हे तर त्या दोघांनाच माहीत. मागचे बोलणे ठाऊक नसलेल्या तिसऱ्या माणसालाही जो निरोप कळतो, तो औपचारिक. त्यासाठी तारीख, कागदाचे नाव आणि वेळ लागते.

दुसरा गैरसमज ‘आपण’बद्दलचा. ‘तुम्ही’च्या जागी सगळीकडे ‘आपण’ घातले की आदर आला, असे मानतात. पण मराठीत ‘आपण’चा अर्थ ‘तुम्ही’ही होतो आणि ‘आपण सगळे’ही. ‘बँकेचे काम आपण बघायचे आहे’ यात काम नक्की कोणी करायचे? ‘तुम्ही’ पुरेसे आदरार्थी आहे. ‘आपण’ वापरायचेच असेल तर काम कोणाचे ते स्पष्ट दिसावे, आणि एकाच निरोपात दोन्हींची सरमिसळ नको.

‘कृपया’चेही तसेच आहे. ‘कृपया पाठवा’ ही शेवटी आज्ञाच. ‘पाठवावे, ही विनंती’ किंवा ‘पाठवू शकाल का?’ असे क्रियापद बदलले की विनंती होते. बोलण्यातले ‘ना’ लाडिक वाटते, लिहिल्यावर मात्र हट्टाचे वाटते. ‘जरा’ने कामाची निकड पुसली जाते. ‘टाकते’ऐवजी ‘पाठवते’ लिहावे.

आता तोच निरोप असा होईल:

‘नमस्कार सर, आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मला गुरुवार, १२ जून रोजी एक दिवसाची रजा हवी आहे. मे महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट मी आज संध्याकाळी ६ वाजेपर्यंत ईमेलने पाठवते. बँकेची मुदत गुरुवारची असल्याने तुम्ही ते तपासून, सही करून बँकेकडे पाठवावे, ही विनंती. रजा मंजूर असल्यास कृपया कळवावे.’

यात अवघड शब्द एकही नाही. ‘ऑपरेशन’ तसेच ठेवले असते तरी चालले असते. ‘आईचं’चे ‘आईचे’ मात्र करावे, कारण कार्यालयीन लेखनात तेच रूप रूढ आहे.

आणि अशी मुदत जवळ असेल, तर निरोप पाठवून फोनही करा. निळी खूण दिसली म्हणजे निरोप उघडला गेला, रजा मंजूर झाली असे नाही.