गिऱ्हाईक विचारतंय काय आणि आपण दाखवतोय काय? सर्चमागचा हेतू ओळखा

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळेअभावी फॉर्म्युला नीट दाखवता आला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. शीट उघडून बसा आणि वाचता वाचता करून बघा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. आपलं दुकान हुपरीत, माल पैंजण, जोडवी, कमरपट्टे. वेबसाइटवर शोधायचा एक बॉक्स टाकलाय. एके दिवशी एका ताईंचा फोन आला, "दादा, लेकीसाठी नेलेलं पैंजण काळं पडलंय. चांदी खोटी हाय का काय?" मी म्हटलं, "ताई, खोटी नाही. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर काळा थर येतो, तो निघतो." त्यावर त्या म्हणाल्या, "मग तुमच्या साइटवर काळीच चांदी का विकताय?"

मी स्वतः बॉक्समध्ये "चांदी काळी" टाकून पाहिलं. वर आली ती ऑक्सिडाइज्ड पैंजणं, कारण त्यांच्या वर्णनात "काळी चांदी" असं मीच लिहिलं होतं. साफ कसं करायचं हे सांगणारं पान होतं, पण तिसऱ्या स्क्रीनवर. शब्द जुळले, हेतू जुळला नाही. ताईंना उत्तर हवं होतं आणि आम्ही माल दाखवला. विश्वास तुटता तुटता राहिला.

तीन हेतू

2002 साली आंद्रेई ब्रोडर या संशोधकाने वेबवरच्या सर्चचे तीन प्रकार मांडले. पहिला ठिकाण गाठण्याचा: माणसाला ठरावीक साइट किंवा दुकान हवंय, जसं कुणी आपल्या दुकानाचं नाव टाकतो. दुसरा माहितीचा: "चांदी काळी का पडते". तिसरा व्यवहाराचा: "पैंजण होलसेल हुपरी", म्हणजे घ्यायचंय, मागवायचंय. अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या सर्च इंजिनावरचे सुमारे 400 सर्च त्यांनी हाताने तपासले, तेव्हा जवळपास 48 टक्के माहितीचे, 30 टक्के व्यवहाराचे आणि 20 टक्के ठिकाण गाठण्याचे निघाले. ते आकडे तेव्हाचे आणि इंग्रजी सर्चचे. आपल्या दुकानाचे आकडे आपणच काढायचे.

आपले सर्च कसे वेगळे करायचे

गुगल सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा आणि Queries चा तक्ता गुगल शीटमध्ये एक्सपोर्ट करा. फार कमी लोकांनी केलेले सर्च गुगल या यादीत दाखवत नाही, त्यामुळे यादी अपुरी असणार हे धरून चला. सर्च A कॉलममध्ये असतील, तर शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये हे टाका:

```
=IF(REGEXMATCH(A2,"दुकानाचे नाव|dukanache nav"),"ठिकाण",
 IF(REGEXMATCH(A2," का |कसे|कशी|म्हणजे|भाव|bhav|today"),"माहिती",
 IF(REGEXMATCH(A2,"किंमत|price|होलसेल|wholesale|मिळ"),"व्यवहार","हाताने")))
```

पहिल्या ओळीत आपल्या दुकानाचं नाव घाला, मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्ही. फॉर्म्युला वरून खाली तपासतो, पहिलं जुळलं की थांबतो. त्यामुळे क्रम बदलू नका. "silver price today" मध्ये price आहे, पण त्या माणसाला आजचा आकडा हवाय. त्याला माहितीच्या गटात जायला हवं, म्हणूनच ती ओळ आधी ठेवली.

आता तीन खड्डे, ज्यात मी स्वतः पडलोय.

पहिला "का". मी आधी नुसतं "का" लिहिलं, तर "काळी", "कारागीर", "नक्षीकाम" सगळं माहितीत गेलं. म्हणून दोन्ही बाजूंना स्पेस ठेवा. इंग्रजीत शब्दाची कडा ओळखायला \b वापरतात, पण शीटमध्ये ते देवनागरीला चालत नाही. स्पेसचा आणखी एक फायदा आहे: "हुपरीत पैंजण मिळेल का" इथे शेवटचा "का" हो-नाही विचारतो, कारण नाही. त्याच्यापुढे स्पेस नसल्यामुळे तो सर्च बरोबर व्यवहारात जातो.

दुसरा इंग्रजी अक्षरांतला "ka". "chandi kali ka padte" मध्ये तो मराठी आहे, "chandi ka bhav" मध्ये हिंदी. एकच नियम दोघांना लागू होत नाही, म्हणून मी तो यादीत ठेवलाच नाही.

तिसरा "भाव" आणि "किंमत". बोलताना आपण दोन्ही एकच समजतो. पण "चांदीचा भाव" विचारणारा बाजार बघतोय आणि "पैंजण किंमत" विचारणारा वस्तू बघतोय. पहिल्याला पैंजणाचे फोटो दाखवले की तो लगेच निघून जातो.

"हाताने" गटाचं काय?

"पैंजण डिझाइन" घ्या. आपल्या गावात हे कारागीरही शोधतो, नमुना बघायला, आणि गिऱ्हाईकही शोधतं. शब्दांवरून कळत नाही, तेव्हा क्लिक बघा. कन्सोलमध्ये त्या सर्चवर क्लिक करा आणि Pages उघडा. जवळजवळ सगळे क्लिक एकाच पानावर पडत असतील, तर बहुतेक लोकांना तेच पान हवंय. दुकानाच्या नावाचं तसंच असतं. क्लिक चार-पाच पानांवर विखुरले असतील, तर लोक वाचतायत किंवा तुलना करतायत. मात्र क्लिक मोजकेच असतील तर त्यावरून काही ठरवू नका. थांबा, आकडा वाढू द्या.

मग निकाल बदलायचे कसे?

ठिकाण शोधणाऱ्याला एकच उत्तर द्या: पत्ता, वेळ, फोन. माहिती शोधणाऱ्याला आधी उत्तर, आणि मालाची लिंक खाली. व्यवहाराला आलेल्याला वजन, टंच, मजुरी आणि फोटो पहिल्याच स्क्रीनवर; त्याला चांदीचा इतिहास वाचायला लावू नका.

आमच्या साइटच्या बॉक्समध्ये मी दोन बदल केले. सर्चमध्ये "काळी", "काळे" किंवा "काळं" असेल, तर साफसफाईचं पान सगळ्यात वर आणि ऑक्सिडाइज्ड माल त्याच्या खाली. माल पूर्ण काढला नाही, कारण काहींना खरंच काळा माल हवा असतो. नुसतं "पैंजण" टाकलं, तर वर माल आणि मध्ये एक माहितीचं पान, असं मिश्रण ठेवलं. हेतूची खात्री नसेल तेव्हा एकच अंदाज लादण्यापेक्षा मिश्रण बरं.

बदल जमला की नाही, हे कसं कळणार? गुगल अॅनालिटिक्समध्ये साइटवरचा सर्च `view_search_results` या इव्हेंटमध्ये दिसतो. लोक एक शब्द टाकून, काहीही न उघडता, लगेच दुसरा टाकत असतील तर पहिला निकाल चुकला. मी महिन्यातून एकदा असे शब्द वहीत उतरवून काढतो. सण-लग्नसराईच्या आधी हे मुद्दाम करा, कारण एरवी डिझाइन नुसतं बघणारा माणूस तेव्हा घ्यायला आलेला असतो.

त्या ताईंना मी तेव्हा फोनवरच साफ करायची पद्धत सांगितली होती. आज ते पान सर्चमध्ये पहिलं येतं, आणि त्याच्या तळाशी लिहिलंय: "तरीही शंका असेल तर पैंजण घेऊन या, टंच तुमच्यासमोर तपासून देतो."

तुमच्या शीटमध्ये "हाताने" गटात कोणते शब्द अडकले ते कळवा. त्यातले निवडक पुढच्या व्हिडिओत सोडवू.