मेसेजमधला '&lt;' खोडला आणि हजार रुपये गेले

मागच्या सीझनला आमच्या राळेगावच्या दुकानात एका पुरवठादाराचा पाइपांच्या रेटचा ईमेल आला. तो असा दिसत होता:

```
Dear Sir,<br><br>Pipe 1 inch: &#8377;310<br>
Qty &lt; 50&nbsp;: &#8377;335<br>GST extra
```

दुकानातल्या पोराने आधी विचारलं, "दादा, हे ८३७७ काय आहे, पाइपाचा भाव का?" नंतर त्याने सगळा कचरा खोडून वहीत लिहिलं: १ इंच ३१०, ५० नगाला ३३५. मीही घाईत तेच धरलं. एका शेतकऱ्याला ३१० च्या हिशोबाने ४० पाइपांचा भाव सांगून टाकला. बिल आलं ३३५ ने. ४० नगांचे १२,४०० ऐवजी १३,४०० झाले, वर जीएसटी. फरक आमच्याच गल्ल्यातून गेला, कारण शब्द दिला होता.

चूक पुरवठादाराच्या भावात नव्हती. त्याच्या सॉफ्टवेअरने मेसेज वेबपेजच्या भाषेत, म्हणजे एचटीएमएलमध्ये, लिहिला आणि साधा मजकूर म्हणून पाठवला. त्यामुळे ब्राउझरने वाचायच्या खुणा आपल्यासमोर उघड्या पडल्या.

या खुणा दोन जातीच्या असतात. `<` पासून `>` पर्यंतचं बहुतेक मांडणीसाठी असतं. `<br>` म्हणजे नवी ओळ. ते काढा, पण त्या जागी ओळ तोडा, नाहीतर दोन भाव एकमेकांना चिकटतात.

दुसरी जात `&` ने सुरू होऊन `;` ला संपते, आणि ती खोडायची नसते. तिच्यामागे एक खरं अक्षर किंवा चिन्ह असतं. `&#8377;` म्हणजे ₹, ८३७७ हा त्या चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक. `&nbsp;` ही मोकळी जागा. आणि `&lt;` म्हणजे "पेक्षा कमी". आम्ही तेच उडवलं! खरी ओळ होती: ५० पेक्षा कमी घेतले तर ३३५. म्हणजे ३१० चा भाव ५० पासून पुढे.

मराठी मजकूरसुद्धा असाच येतो. हे बघा:

```
&#2325;&#2366;&#2346;&#2370;&#2360;
```

हा आपला "कापूस" आहे. क, काना, प, दीर्घ उकार, स, प्रत्येकाला एक क्रमांक. असा लांब मेसेज असेल तर हाताने सोडवत बसू नका. मजकूर नोटपॅडमध्ये टाका, `rate.html` नावाने सेव्ह करा, ब्राउझरमध्ये उघडा. `&amp;lt;` असं दिसलं तर कोड दोनदा चढलाय. ब्राउझरमध्ये `&lt;` दिसेल, ते कॉपी करून तेच परत करा.

हे फक्त ओळखीच्या माणसाच्या मेसेजला. अनोळखी मेसेजात `<script` दिसलं तर फाइल बनवूच नका. `<a href="` दिसलं तर त्यापुढचा पत्ता नीट वाचा, लिंकवर लिहिलेलं नाव काहीही असो, क्लिक तिथेच जाते.

आणि अक्षरांच्या जागी नुसते `????` असतील तर त्यातून काही निघत नाही. मूळ अक्षरं वाटेतच गेलेली असतात, फोन करून भाव विचारा. आता आमच्याकडे `&lt;` किंवा `&gt;` असलेला रेट आला की ऑर्डरआधी मी पुरवठादाराला एवढंच विचारतो: "४० घेतले तर काय भाव?"