लेबलवरचा लहान आकडा खरं बोलतो

गेल्या महिनाभरात मला पॉवर बँकेचे तीन फोटो आले. तिन्हींवर मोबाइलच्या पेन्सिलने लाल गोल काढलेला होता, आणि तिन्हींत तो गोल चुकीच्या आकड्याभोवती होता. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत २०००० एमएएच, आणि मागे, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा टायपात, ‘रेटेड कपॅसिटी १२००० एमएएच’. गोल त्या १२००० भोवती. खाली ठरलेलं वाक्य : ‘बघा, कसं फसवतात!’

चौथा फोटो भाच्याचा. त्यात गोल नव्हता, कौतुक होतं. ‘मामा, ५०००० एमएएच, सातशे रुपयांत. खिशात मावते.’ मागच्या बाजूला दुसरा आकडा नावालाही नाही. ‘खात्री केलीस का?’ असं विचारलं, तर उत्तर आलं, ‘छापलंय ना त्यावर.’

म्हणजे जो खरं छापतो तो चोर, आणि जो काहीच सांगत नाही तो सज्जन. हा उलटा न्याय मी इतक्यांदा ऐकलाय, की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

पॉवर बँकेच्या आत लिथियमचे सेल असतात आणि त्यांचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट असतो. पुढे छापलेले २०००० एमएएच हे या दाबाला मोजलेले. फोनकडे जाणाऱ्या यूएसबीच्या तोंडातून मात्र ५ व्होल्ट बाहेर पडतात, जलद चार्जिंगला ९ किंवा १२. नुसते एमएएच सांगणं म्हणजे ‘किटलीत वीस चहा आहेत’ असं सांगणं. वीस कटिंग की वीस फुल? चहा तेवढाच असतो. मोठ्या कपांत ओतला की कपांची संख्या कमी भरते, आणि ओतताना थोडा सांडतो तो वेगळा.

हिशेब करून बघू. २०००० ला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा : ७४ वॉट-अवर. किटलीतला खरा चहा हा. आता ७४ ला ५ व्होल्टने भागलं की १४.८, म्हणजे १४८०० एमएएच. दाब वाढवणाऱ्या सर्किटमध्ये आणि केबलमध्ये दहा-पंधरा टक्के उष्णता होऊन जातात. उरतात साडेबारा हजारांच्या आसपास. लेबलवरचे १२००० तिथूनच येतात. कंपनीने आठ हजार गिळलेले नाहीत. तिने तुमच्या फोनच्या बाजूने मोजून आकडा दिलाय. उलट तिथे १९००० दिसले असते, तर मला शंका आली असती.

म्हणून लेबलचा फोटो हातात आला की मी मोठा आकडा बघतच नाही. वॉट-अवर शोधतो आणि वरचा गुणाकार करतो. २०००० एमएएचसमोर ७४ किंवा ३.६ व्होल्ट धरून ७२ वॉट-अवर असेल, तर निदान लेबल स्वतःशी भांडत नाहीये. २०००० समोर ३७ दिसले तर कुठल्या तरी १०००० वाल्याचं लेबल उचलून फक्त मोठा आकडा बदललाय. अशी लेबलं मी पाहिली आहेत. आणि वॉट-अवर छापलेच नसतील, तर लपवायला काहीतरी आहे असं धरून पुढे चालायचं.

भाच्याच्या फोटोत नेमकं तेच होतं. मग लेबल सोडलं आणि खोक्याकडे वळलो. एमएएच कुणीही छापू शकतो, पण आकारमान छापता येत नाही.

फोटोत मोजपट्टी नसते म्हणून लोक इथे हात टेकतात. पण ती असते. यूएसबीचं जुनं, रुंद, चौकोनी तोंड, ज्याला टाइप-ए म्हणतात, ते जगात सगळीकडे एकाच मापाचं : आत जाणारी पिन १२ मिलिमीटर रुंद. भाच्याकडून दोन फोटो समोरून, सरळ धरून मागवले, एक तोंडांच्या बाजूचा आणि एक पाठीचा. पहिला लॅपटॉपवर मोठा करून पडद्यावर शाळेची पट्टी ठेवली. यूएसबीचं तोंड ९ मिलिमीटर भरलं, पूर्ण रुंदी ५०, जाडी १३. म्हणजे रुंदी तोंडाच्या साडेपाच पट. खऱ्या मापात जवळपास ६७ मिलिमीटर. जाडी १७. पाठीच्या फोटोत लांबी रुंदीच्या दुपटीहून किंचित जास्त, म्हणजे १३७ मिलिमीटर. तिन्हींचा गुणाकार साधारण १५५ घनसेंटिमीटर येतो.

आता या खोक्यात किती मावतं? ५०००० एमएएच म्हणजे १८५ वॉट-अवर. बाजारात मिळणारा चांगला लिथियम सेल एका घनसेंटिमीटरमध्ये फार तर ०.७ वॉट-अवर साठवतो. त्या हिशेबाने नुसत्या सेलनाच २६० घनसेंटिमीटरच्या वर जागा हवी. प्लॅस्टिकची भिंत, सर्किटची पट्टी, सेल फुगला तर सोडलेली फट, हे सगळं त्याच्याबाहेर. आणि आपलं अख्खं खोकं बाहेरून मोजून १५५! विहिरीपेक्षा बादलीत जास्त पाणी आहे असं कुणी म्हणालं तर आपण हसतो. इथे मात्र पैसे मोजतो.

मग आत किती असेल? नामांकित कंपन्यांच्या साध्या पॉवर बँका मोजल्या तर दर हजार एमएएचला पंधराएक घनसेंटिमीटर पडतात. फार घट्ट बांधलेल्या दहापर्यंत येतात. म्हणजे या खोक्यात प्रामाणिक माणसाने भरले तर दहा हजार, जिवावर उदार होऊन भरले तर पंधरा. पन्नासाची शक्यता शून्य.

वजनाचा नियम आणखी सोपा आहे : दर हजार एमएएचला वीसेक ग्रॅम. दहा हजारवाली दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम भरते, वीस हजारवाली चारशेच्या आसपास. पन्नास हजारांची खरी वस्तू किलोभराची असायला हवी, आणि ती खिशात घालून फिरणाऱ्याची पँट सांगेल. भाच्याने वाण्याच्या काट्यावर ठेवून फोटो पाठवला : २१२ ग्रॅम. उत्तमोत्तम सेलही एका किलोत २६० वॉट-अवरच्या आसपास थांबतात, तेव्हा १८५ वॉट-अवरसाठी नुसते सेलच सातशे ग्रॅमचे हवेत. वादाला जागाच नाही.

या पद्धतीत चुकायच्या दोन जागा आहेत. फोटो तिरका असेल तर पुढची कड फुगते आणि मागची आकसते. अशा फोटोवरून मोजू नये. विक्रीच्या पानावरची चकचकीत चित्रं तर बरेचदा संगणकावर काढलेली असतात, त्यांत यूएसबीचं तोंडच बेतशीर नसतं. तिथे विकणाऱ्याला सांगावं, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून खरा फोटो पाठवा. ते नाणं २७ मिलिमीटरचं असतं. (एटीएम कार्डाचं मापही ठरलेलं आहे, पण कार्डाचा फोटो पाठवायला सांगण्याचा शहाणपणा कृपया करू नका.)

किरकोळ गैरसमज आता भराभर. सीईचा शिक्का म्हणजे सरकारी तपासणी नव्हे. युरोपात माल विकणारा उत्पादक तो स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. आपल्याकडे पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, आणि लेबलवर इंग्रजी ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की ब्रँड आणि कारखाना दिसतो. तो ब्रँड तुमच्या खोक्यावरच्या नावाशी जुळला तरच त्याला अर्थ. दुसऱ्याचा क्रमांक उचलून छापायला काहीच लागत नाही. पुढे ‘२२.५ वॉट फास्ट’ आणि मागे आउटपुटच्या ओळीत फक्त ५ व्होल्ट, २.१ अँपिअर असेल तर गुणाकार साडेदहा वॉट होतो. मागची ओळ खरी धरा. पाठीवरची सौर पट्टी शोभेची असते : तळहाताएवढ्या पट्टीतून भर उन्हात दीडेक वॉट निघतात, तेव्हा ७४ वॉट-अवर भरायला पन्नास तास कडक ऊन लागेल, आणि तेवढ्यात उन्हाने सेलचं काय होईल ते वेगळं. ‘मोठी पॉवर बँक विमानात चालतच नाही’ हेही अर्धवट. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १०० वॉट-अवरपर्यंतची केबिनच्या सामानात चालते, १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने, त्यापुढे नाही. चेक-इनच्या बॅगेत कुठलीच नाही. १०० वॉट-अवर म्हणजे सुमारे २७००० एमएएच, आणि प्रवासासाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पॉवर बँका बरोबर त्या आकड्याच्या अलीकडे का थांबतात ते यातून कळतं. भाच्याचे ५०००० खरे असते, तर ती वस्तू विमानात चढलीच नसती.

आता फोटोची मर्यादा. फोटोवरून दावा खोटा आहे एवढंच ठरवता येतं, खरा आहे हे नाही. खोकं पुरेसं मोठं असलं तरी आतली निम्मी जागा रिकामी असू शकते. वजन भरावं म्हणून आत वाळूची पुडी ठेवलेल्या पॉवर बँका सापडल्या आहेत. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्यांतून काढलेले सेल नव्या सेलएवढीच जागा घेतात आणि वजनही तेवढंच देतात. ते ओळखायचे तर पूर्ण चार्ज करून यूएसबी मीटर लावायचा आणि बाहेर किती वॉट-अवर आले ते मोजायचं. आणि सगळं खरं असूनही घोटाळा होऊ शकतो. जून २०२५ मध्ये अँकरने अमेरिकेत आपल्या १०००० एमएएचच्या एका मॉडेलच्या अकरा लाखांवर पॉवर बँका परत मागवल्या, कारण सेल तापून पेट घेण्याचा धोका होता. त्या खोक्यांवरचा क्षमतेचा आकडा वाचून कुणाला ते कळणार नव्हतं.

आपली वस्तू अशा यादीत आहे का, हे बघायला मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक लागतो. तो त्याच बारीक टायपात, त्याच पाठीवर असतो, आणि वर्षभर चाव्यांबरोबर बॅगेत घासून पहिल्यांदा तोच पुसला जातो. विमानतळावर वॉट-अवर वाचता आले नाहीत तर तिथेही ती ठेवून घेतली जाऊ शकते. तेव्हा खोकं उघडल्या दिवशी, अक्षरं ताजी असताना, पाठीचा एक फोटो काढून ठेवा.