कापलेला कर आणि लागलेला कर

माझ्या भाचीने गेल्या डिसेंबरअखेर पुण्यातली नोकरी सोडली. पुढचे तीन महिने ती घरीच होती. फॉर्म १६ हातात आल्यावर तिने विचारलं, "मामा, ५८,७६० रुपये कर कापलाय म्हणजे तेवढा कर मला लागलाच ना?" पगारदार माणसांचा नेमका इथेच गोंधळ होतो. कापलेला कर हा कंपनीचा अंदाज असतो. लागलेला कर वर्ष संपल्यावर ठरतो. या दोहोंतला फरक म्हणजे रिफंड, किंवा उलट बाजूने निघालं तर भरायची बाकी.

अंदाज कसा बांधला जातो ते आधी बघू. भाचीचा पगार महिना १,२०,००० रुपये. २०२५-२६ हे वर्ष सुरू होताना कंपनीने धरलं की ती बाराही महिने राहणार, म्हणजे वर्षाचे १४,४०,००० रुपये. नव्या करप्रणालीत त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, उरले १३,६५,०००. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,००० आणि राहिलेल्या १,६५,००० वर १५ टक्के म्हणजे २४,७५०. एकूण ८४,७५०, त्यावर ४ टक्के उपकर धरून ८८,१४०. याला बाराने भागलं की दर महिन्याला ७,३४५ रुपये. एप्रिल ते नोव्हेंबर हा हप्ता कापला गेला. डिसेंबरचा हिशेब करताना कंपनीच्या लक्षात आलं की आता कर लागतच नाही, म्हणून त्या महिन्यात काही कापलं नाही. पण आधीच्या आठ महिन्यांचे ५८,७६० रुपये तोवर सरकारी तिजोरीत गेले होते. ते विवरणपत्र भरूनच परत मागायचे.

आता प्रत्यक्ष हिशेब. नऊ महिन्यांचा पगार १०,८०,०००, वजावटीनंतर १०,०५,०००. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असलं की कलम ८७अ ची सूट मिळते आणि कर शून्यावर येतो. भाचीला वाटलं, झालं, सगळी रक्कम परत! मी तिला तिथेच थांबवलं, कारण फॉर्म १६ ला फक्त पगार माहीत असतो. तिच्या बँकेतल्या ठेवींवर ४५,००० रुपये व्याज जमा झालं होतं. ५०,००० च्या आत असल्याने बँकेने त्यावर कर कापला नव्हता, पण न कापलेलं व्याजही उत्पन्नात धरावंच लागतं. ते धरून झाले १०,५०,०००. हे १२ लाखांच्या आतच आहे, म्हणून सूट टिकली.

खरी मेख शेअर्सची होती. तिने काही शेअर्स वर्षाच्या आत विकून ३०,००० रुपये नफा कमावला होता. हा नफा धरूनही एकूण उत्पन्न १०,८०,००० च होतं. मात्र अशा नफ्यावर २० टक्के हा वेगळा दर लागतो आणि ८७अ ची सूट या कराला मिळत नाही. त्यामुळे ६,००० रुपये कर आणि २४० रुपये उपकर, मिळून ६,२४० भरावेच लागणार. ५८,७६० मधून ते वजा केले की अंदाजे रिफंड ५२,५२०. हा नफा दाखवायचा असल्याने विवरणपत्रही साध्या आयटीआर-१ ऐवजी आयटीआर-२ मध्ये भरावं लागतं.

तिने जानेवारीत दुसरी नोकरी धरली असती तर चित्र उलटलं असतं. नवी कंपनी जुन्या पगाराची माहिती नसेल तर आपल्यापुरताच कमी कर कापते किंवा कापतही नाही. दोन्ही फॉर्म १६ एकत्र मांडले की पगार १२ लाखांच्या वर जातो आणि कर भरायची वेळ येते. प्रमाणित वजावट दोन्हीकडे दिलेली असली तरी ती एकदाच मिळते.

एवढं झालं तरी एक गोष्ट तपासायची राहते. ५८,७६० हा आकडा फॉर्म १६ मध्ये आहे म्हणून आयकर खात्यातही तोच असेल असं नाही. प्राप्तिकराच्या पोर्टलवर फॉर्म 26AS उघडावा आणि तीनही तिमाह्यांपुढची रक्कम एकेक करून जुळवावी. एप्रिल ते जून २२,०३५, जुलै ते सप्टेंबर तेवढेच आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे १४,६९०. एखादी तिमाही रिकामी दिसली, तर कंपनीने कर भरलेला नाही किंवा तिमाही पत्रकात पॅन चुकीचा लिहिला आहे, असं समजावं. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या पॅनमधलं एक अक्षर कंपनीकडून बदललं गेलं होतं. पगारपत्रकात कपात दिसत होती, फॉर्म 26AS मध्ये मात्र एक पैसाही नव्हता. अशा वेळी कंपनीला लेखी कळवून दुरुस्तीचं पत्रक भरून घ्यावं लागतं. ते होईपर्यंत विवरणपत्रात कितीही रक्कम लिहिली तरी तिचा रिफंड अडून राहतो.

भाचीच्या तीनही तिमाह्या जुळल्या. मग तिचं बँक खातं पोर्टलवर पडताळून घेतलं, विवरणपत्र भरलं आणि आधारच्या ओटीपीने त्याच दिवशी त्याची पडताळणी केली. ही पडताळणी तीस दिवसांत झाली नाही, तर विवरणपत्र पडताळणीच्या दिवशीच भरलेलं धरलं जातं.