फोन अडतोय तो कुणामुळे?

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा अँड्रॉइड फोन दिवाळीनंतर बिघडला. लॉक उघडलं की दहा-बारा सेकंद पडदा थिजायचा. काका वैतागून पाच-सहा वेळा बोट आपटायचे, आणि फोन भानावर आला की ती सगळी बोटं एकदम लागू पडून भलत्यालाच फोन जायचा. दिवसातून एकदोनदा तर तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे फोनमधलं होतं नव्हतं ते सगळं पुसायचं. काकांनी फोन परत घेतला आणि माझ्याकडे आले.

असं काही झालं की पहिला प्रश्न एकच असतो. दोष फोनचा आहे, की आपण त्यात आणून घातलेल्या कुठल्या अ‍ॅपचा? याचं उत्तर देणारी सोय अँड्रॉइडमध्ये आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. तिचं नाव सेफ मोड. या मोडमध्ये फोन सुरू झाला की कंपनीने कारखान्यात घालून दिलेली अ‍ॅप्स तेवढी चालतात. आपण मागाहून उतरवलेली सगळी गप्प बसतात. ती पुसली जात नाहीत, त्यांच्यातली माहितीही जात नाही, फक्त त्यांना उठता येत नाही.

तिथे जायची वाट अशी. पॉवरचं बटण दाबून धरा (काही नव्या फोनवर त्याच्या जोडीला आवाजाचं एक बटण लागतं). Power off, Restart असे पर्याय आले की त्यातल्या Power off वर बोट टेकवून तसंच धरून ठेवा. काही फोनवर Restart वर धरावं लागतं. सेफ मोडमध्ये जायचं का, असं विचारलं जाईल, होकार द्या. फोन इतका अडकला असेल की तिथवर पोचताच येत नाही, तर तो बंद करून पुन्हा सुरू करा आणि कंपनीचं चिन्ह दिसताच आवाज कमी करायचं बटण दाबून धरा. बहुतेक फोनवर हेही चालतं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात Safe mode अशी अक्षरं दिसली की आपण पोचलो.

काकांचा फोन तसा सुरू झाला आणि ते घाबरलेच. व्हॉट्सअ‍ॅप नाही, बँकेचं अ‍ॅप नाही, मराठी टंकायचा त्यांचा आवडता कीबोर्डही नाही. हे अपेक्षितच असतं. विमान मोड लागलेला नसेल तर साधे फोन आणि एसएमएस चालू राहतात. मात्र उतरवलेल्या अ‍ॅपमध्ये लावलेला गजर वाजत नाही, म्हणून पहाटेची गाडी पकडायची असेल त्या रात्री हा प्रयोग नको. आणखी एक, मुख्य पडद्यावर मांडलेली घड्याळं, हवामानाच्या चौकटी नंतर परत येतीलच असं नाही. आधी त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला तर पुन्हा मांडणं सोपं जातं.

आता वाट बघायची. किती, ते दुखण्यावर ठरतं. काकांचा फोन दर वेळी लॉक उघडताना अडायचा, त्यामुळे वीस वेळा उघडझाप केल्यावर चित्र स्पष्ट झालं. एकदाही अडला नाही. पण आपोआप बंद होणं दिवसातून एकदोनदाचं होतं. ते तपासायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन तसाच ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपविना काका कासावीस झाले, पण फोन एकदाही बंद पडला नाही.

इथे बरेच जण थांबतात, आणि चुकतात. उतरवलेल्यांपैकी कुणीतरी दोषी असावं, एवढंच सेफ मोड सांगतो. कोण, ते सांगत नाही. काकांच्या फोनमध्ये अशी 46 अ‍ॅप्स होती.

फोन नेहमीसारखा पुन्हा सुरू केला की सेफ मोड संपतो. त्यानंतर संशयितांना एकेक करून काढायचं, दर वेळी फोन पुन्हा सुरू करायचा आणि तीच परीक्षा घ्यायची. दोन एकदम काढली तर दोषी कोण ते कळणार नाही. आम्ही दिवाळीच्या सुमारास नव्याने घेतलेली दोन अ‍ॅप्स आधी काढली, एक शुभेच्छापत्रं बनवणारं आणि एक फोन 'साफ' करणारं. दुसऱ्यावर माझा दाट संशय होता. फोन तस्साच अडत राहिला.

मग लक्षात आलं की अ‍ॅप जुनं असलं तरी त्याचा अपडेट नवा असू शकतो. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारून Manage apps & device, त्यात Manage, आणि तिथली यादी Recently updated अशी लावली. वरच्या चार-पाचांत एक वॉलपेपरचं अ‍ॅप होतं. काकांकडे ते वर्षभर सुखाने नांदत होतं. त्याचं काम काय, तर दर वेळी लॉक उघडलं की नवं चित्र लावायचं. फोन नेमका तेव्हाच अडत होता! ते काढलं, फोन पुन्हा सुरू केला, वीस वेळा उघडझाप केली. अडणं संपलं. खात्रीसाठी आधी काढलेलं शुभेच्छापत्रांचं अ‍ॅप परत घातलं, तरी फोन ठीकच राहिला. साफसफाईचं मात्र मी परत घालू दिलं नाही. तसल्या अ‍ॅपचा उपयोग मला आजवर कळलेला नाही.

काढताना क्रम लावावा. ज्यात गमावण्यासारखं काही नाही ते आधी, बँकेचं आणि व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यात शेवटी, तेही गप्पांचा बॅकअप घेऊन. एखादं अ‍ॅप Uninstall होऊच देत नसेल तर त्याने बहुधा Device admin apps मध्ये स्वतःला अधिकार घेऊन ठेवलेला असतो. सेटिंग्जमध्ये हे नाव शोधून तो अधिकार काढायचा, मग ते निघतं. एरवी काढू न देणारं अ‍ॅप सेफ मोडमध्ये झोपलेलं असतं, म्हणून हे काम तिथेच उरकावं.

या परीक्षेला दोन ठिकाणी फसायला होतं. जुन्या, कमी रॅमच्या फोनवर सेफ मोडमध्ये ओझंच हलकं होतं, त्यामुळे तो आपसूकच बरा वागतो; थकलेल्या बॅटरीचंही तसंच. अशा वेळी कुठलीही चार अ‍ॅप्स काढली तरी थोडा फरक पडतो आणि एकटा असा गुन्हेगार सापडत नाही. दुसरी फसगत उलटी आहे. मार्च 2021 मध्ये जगभरच्या अँड्रॉइड फोनवर जीमेलसकट अनेक अ‍ॅप्स उघडताच बंद पडू लागली. लोक एकेक अ‍ॅप काढत बसले. दोष निघाला Android System WebView या फोनसोबतच येणाऱ्या भागाच्या अपडेटमध्ये, आणि असले भाग सेफ मोडमध्येही चालूच असतात. शेवटी वेबव्ह्यू आणि क्रोम यांचे नवे अपडेट घेतल्यावर फोन सुधारले. म्हणून सेफ मोडमध्येही फोन अडत असेल तर उतरवलेल्या अ‍ॅप्सच्या मागे लागू नका. भरलेली साठवण, सिस्टमचे अपडेट, बॅटरी, यांच्याकडे वळा.

आठवड्याने काका पुन्हा आले. फोन आता दर वेळी सेफ मोडमध्येच सुरू होत होता. नवं कव्हर घातलं होतं, इतकं घट्ट की आवाज कमी करायचं बटण त्याने सतत दाबून धरलं होतं. कव्हर काढलं, फोन पुन्हा सुरू केला, आणि कोपऱ्यातली अक्षरं गेली.