धुक्यातला ‘व्ही’: क्लाउड चेंबरमधल्या रेघा नेमकं काय सांगतात?

“ताई, दिसला! अल्फा कण दिसला!” सोहम काचेला नाक लावून ओरडला.

“कण नाही दिसला. कण गेल्याची खूण दिसली,” केतकी म्हणाली. “आकाशात विमान दिसत नाही, पण त्याच्यामागची पांढरी रेघ दिसते. तसं.”

क्लाउड चेंबरबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. विज्ञान प्रदर्शनातही “इथे अणूतले कण डोळ्यांनी पाहा” असं सर्रास सांगितलं जातं. सोहम अकरावीत आहे आणि त्याची आतेबहीण केतकी पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी कोल्हापूरच्या घरी, माडीवरच्या खोलीत हे चेंबर उभं केलं होतं.

बांधणी सोपी असली तरी नखरे बरेच. माशांची एक छोटी काचपेटी उपडी घालायची. तिच्या तळाला, म्हणजे उपडी घातल्यावर वर येणाऱ्या भागाला, आतून फेल्टचं जाड कापड बसवायचं आणि ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिंब करायचं. पेटी काळ्या रंगाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवायची आणि पत्र्याखाली उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ. कडा क्लेने घट्ट बंद करायच्या, खोलीत अंधार करायचा आणि बाजूने, पत्र्याला जवळजवळ समांतर, टॉर्चचा झोत सोडायचा.

पहिल्या वेळी काहीच दिसलं नाही. सोहमने औषधाच्या दुकानातून सर्जिकल स्पिरिट आणलं होतं.

“त्यात पाणी असतं,” केतकीने बाटली बाजूला ठेवली. “आपल्याला ९९ टक्क्यांचं लागतं, सर्किट बोर्ड पुसायला वापरतात ते.”

दुसऱ्या वेळी पेटीत धुक्याचे भोवरे फिरायला लागले. एका कोपऱ्यातून हवा शिरत होती. क्ले पुन्हा दाबून बसवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पत्र्याजवळ बारीक पाऊस पडू लागला. चेंबर जमायला लागल्याची हीच खूण. वर गरम, खाली गार, त्यामुळे अल्कोहोलची वाफ खाली उतरते आणि पत्र्यावरच्या सेंटिमीटरभर जाडीच्या थरात तिला थेंब व्हायचं असतं, पण सुरुवात करायला आधार हवा असतो. तो आधार आयन देतात. विद्युतभारित कण हवेतून जाताना वाटेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातो आणि मागे आयनांची रांग सोडतो. त्या रांगेवर थेंब धरतात. आपण बघतो ते थेंब. ते दिसेपर्यंत कण केव्हाच थांबलेला असतो, नाहीतर पेटीबाहेर गेलेला असतो. स्कॉटिश शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १९११ मध्ये अशा रेघा पहिल्यांदा पाहिल्या आणि त्यासाठी त्यांना १९२७ चं नोबेल मिळालं.

“पण आपण अजून आत काही ठेवलंच नाही,” सोहमच्या लक्षात आलं. “मग ह्या रेघा कुठल्या?”

किरणोत्सार म्हणजे अणुभट्टी किंवा बॉम्ब, ही समजूत रिकामं चेंबर पाच मिनिटं पाहिलं तरी गळून पडते. खोलीच्या हवेत थोडा रेडॉन असतो, विटा-दगडांत युरेनियम-थोरियम असतं आणि वरून म्यूऑन येतच असतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो. मात्र बहुतेक म्यूऑन उभे येतात आणि तो पातळ थर पार करताना जेमतेम ठिपका सोडतात. आडवा आलेला एखादाच लांब, सरळ रेघ काढतो.

मग केतकीने लाल टोकाचा एक वेल्डिंग रॉड काढला, उद्यमनगरातल्या दुकानातून आणलेला. टिग वेल्डिंगच्या ह्या टंगस्टन रॉडमध्ये सुमारे दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं. रॉड आत सरकवून पेटी बंद केली. थर पुन्हा बसायला थोडा वेळ गेला आणि मग रॉडच्या अंगातून जाड, पांढऱ्या, आखूड रेघा फुटू लागल्या. त्यांच्या मधून केसासारखे बारीक, वेडेवाकडे धागे.

“जाड रेघ अल्फाची, म्हणजे अल्फा जास्त वेगवान,” सोहमने निष्कर्ष काढून टाकला.

“उलट आहे बघ. पाच एमईव्हीच्या अल्फाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो. एक एमईव्हीचा बीटा नव्वद टक्क्यांच्या वर धावतो.”

“मग जाडी कशाची?”

“अल्फावर दुप्पट भार असतो आणि तो हळू जातो. त्यामुळे प्रत्येक रेणूजवळ जास्त वेळ राहतो, जास्त इलेक्ट्रॉन उडवतो. सेंटिमीटरभर अंतरात तीस-चाळीस हजार आयनांच्या जोड्या. वेगवान बीटा तेवढ्याच अंतरात शंभराच्या आगेमागे.”

रेघेची जाडी म्हणजे कणाचा जोर नव्हे. वाटेत तो किती ऊर्जा सोडत जातो, ते जाडी सांगते. म्हणूनच अल्फा चार-पाच सेंटिमीटरांत संपतो आणि दमदार बीटा काच गाठून बाहेर पडतो. बीटा वळतो कारण तो इलेक्ट्रॉन आहे. अल्फापेक्षा सात हजार पटींहून हलका, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक अणूकडून धक्के खातो. हळू झालेला बीटा तर गोल गोल फिरून थांबतो आणि त्या शेवटच्या गाठीत त्याचीही रेघ दाट होते. सोहमने अशी एक गाठ दाखवली, तेव्हा केतकीने मान डोलावली.

“आणि गॅमा?”

“त्याला भार नाही. त्याची स्वतःची रेघ नसते. त्याने एखादा इलेक्ट्रॉन उडवला, तर त्या इलेक्ट्रॉनची दिसते.”

आता खरी गंमत. केतकीने रॉड बाहेर काढला आणि एक पिळायची प्लॅस्टिक बाटली घेतली. आत पेट्रोमॅक्सचं जुनं, न वापरलेलं मँटल होतं, तोंडाला कापसाचा बोळा आणि बारीक नळी. जुन्या मँटलमध्ये थोरियम असतं आणि थोरियमच्या क्षयसाखळीत थोरॉन नावाचा वायू तयार होतो. रेडॉनचाच हा एक समस्थानिक. कापूस धूळ अडवतो, वायू जाऊ देतो. नळी कडेच्या क्लेमधल्या भोकात घालून तिने बाटली एकदाच हलके दाबली आणि भोक क्लेने बुजवलं.

थर विस्कटला, अर्ध्या मिनिटात बसला आणि पेटीच्या मधोमध, जिथे कुठलाही रॉड नव्हता, तिथे एकदम इंग्रजी ‘व्ही’ उमटला. दोन जाड रेघा, एकाच टोकातून निघालेल्या. मग दुसरा. मग आणखी एक, जवळजवळ सरळ रेषेइतका उघडलेला.

“अल्फा अणूला आपटून फुटला!” सोहम म्हणाला.

“आपटायला तो कुठून तरी यायला हवा ना? आत येणारी रेघ दाखव.”

सोहमने पुन्हा पुन्हा पाहिलं. येणारी रेघ कशालाच नव्हती. दोन्ही रेघा टोकापासून बाहेरच जात होत्या.

टक्कर होऊन दुभंगलेली रेघ क्लाउड चेंबरमध्ये खरोखर मिळते, पण ती किती दुर्मीळ असते हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्या कामावरून कळतं. त्यांनी १९२० च्या दशकात केंब्रिजमध्ये नायट्रोजनने भरलेल्या चेंबरचे सुमारे २३,००० फोटो घेतले. त्यांत चार लाखांवर अल्फा रेघा होत्या. अल्फाने नायट्रोजनच्या केंद्रकात शिरून ऑक्सिजन घडवल्याच्या फांद्या त्यांत निघाल्या फक्त आठ. सोहमला तर मिनिटाभरात कितीतरी ‘व्ही’ दिसले होते.

“मग एकाच ठिकाणाहून दोन अल्फा कसे?”

“एकच अणू दोनदा फुटतो. थोरॉनने अल्फा टाकला की उरतो पोलोनियम-२१६. त्याचं अर्धायु आहे ०.१५ सेकंद. म्हणजे पहिल्या रेघेवर थेंब धरत असतानाच दुसरा अल्फा निघतो. तेवढ्या वेळात अणू जागचा फारसा हलत नाही, म्हणून दोन्ही रेघा एकाच बिंदूतून. दिशेचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून कोन दर वेळी वेगळा.”

“हे खरं कशावरून?” सोहमने विचारलं. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर त्याच पेटीत मिळतं.

“थोरॉनचं अर्धायु ५५.६ सेकंद. दर मिनिटाला ‘व्ही’ निम्म्याहून थोडे कमी व्हायला हवेत. मोज.”

सोहमने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. पहिल्या मिनिटात २४. दुसऱ्यात ११. तिसऱ्यात ६. चौथ्यात २. आकडे लहान आहेत, त्यामुळे थोडं वरखाली होणारच. पण पाच मिनिटांत थोरॉन चाळिसाव्या हिश्शाच्या आसपास उरतो, हा हिशेब त्या उतरंडीशी जुळतो. ‘व्ही’ जर पेटीच्या काचेतून किंवा बाहेरच्या किरणांतून येत असते, तर ते असे ओसरले नसते.

एक मात्र त्याला खटकलं. “काही ‘व्ही’ची एक बाजू एकदम छोटी का? तो अल्फा कमजोर होता?”

इथे चेंबर फसवतं. ह्या दोन अल्फांची ऊर्जा ठरलेली असते, ६.३ आणि ६.८ एमईव्ही. खोलीच्या हवेत ते सुमारे पाच आणि पावणेसहा सेंटिमीटर जातात. चेंबरच्या गार, दाट हवेत त्याहून कमी. आणि रेघ दिसते ती फक्त सेंटिमीटरभर थरात. कण तिरका वर गेला, तर थराबाहेर पडताच त्याची रेघ तुटते, कण पुढे जातच असतो. म्हणून लांबी मोजायची असेल तर आडव्या, दोन्ही टोकं ठळक असलेल्या रेघाच घ्याव्या. त्यातही सगळ्यात लांब निघालेली विश्वासाची.

“आणि रेघ संपली तिथे अल्फा नाहीसा झाला?”

“नाही रे. दोन इलेक्ट्रॉन गोळा केले आणि साधा हेलियम झाला.”

तेवढ्यात सोहम तो लाल टोकाचा रॉड सँडपेपरवर घासायला निघाला, म्हणजे थोरियम जास्त उघडं पडेल. केतकीने त्याच्या हातातून रॉड काढूनच घेतला. अल्फा कागदानेही अडतो हे खरं, पण म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तो अडतो म्हणजे सगळी ऊर्जा काही सेंटिमीटरांत टाकतो. बाहेर कातडीच्या मेलेल्या थराने अडवलं तर ठीक. थोरियमची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात गेली, तर तीच ऊर्जा जिवंत पेशींत पडते. रॉड घासायचा नाही, मँटल कापायचं किंवा जाळायचं नाही, नंतर हात धुवायचे. पण त्या संध्याकाळचा जास्त जवळचा धोका कोरड्या बर्फाचा होता: जाड हातमोजे, उघडी खिडकी आणि बर्फ कधीही हवाबंद डब्यात नाही. अल्कोहोलजवळ ज्योत तर नाहीच.

‘व्ही’ थांबले तरी पत्र्याजवळ बारीक धागे दिसत राहिले. सोहमने बोटाने दाखवले.

“दोन अल्फा टाकल्यावर तो अणू शिसं-२१२ झाला,” केतकी म्हणाली. “तो वायू नाही, खाली पत्र्यावर बसतो आणि बीटा टाकतो. अर्धायु १०.६ तास. उद्या ह्याच वेळी त्यातला साधारण पाचवा हिस्सा उरलेला असेल. पुढे बिस्मथ होईल आणि शेवटी शिसं-२०८, ते स्थिर.”

“म्हणजे बर्फ उद्या सकाळी पुन्हा आणला तर?”

“तर बाटली न दाबताच बघू. धागे आजच्या पहिल्या रिकाम्या फेरीपेक्षा थोडे तरी जास्त निघतात का, ते मोजू. आणि ‘व्ही’ जवळजवळ एकही नको.”